न उडालेल्या गोळीने शिकवलेला धडा

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक पटकावले, तेव्हा त्यांच्या रायफलीत होते ते पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटरचे इवलेसे रिमफायर काडतूस. दिल्लीत एनसीसीचे नवखे छात्रही याच जातीचे काडतूस हाताळतात. जगज्जेत्याचे आणि नवशिक्याचे साधन एकच कसे, हे कोडे मला बऱ्याच उशिरा उलगडले, आणि तेही एका न उडालेल्या गोळीमुळे.

भौतिकशास्त्राच्या शिक्षणासाठी मी दिल्लीत आलो, तेव्हा एका शिबिरात प्रथमच ७.६२ मिलिमीटरची जड रायफल चालवली. तो दणका खांद्याने लक्षात ठेवला. पुढे दिल्लीजवळच्या एका रेंजवर मी पॉइंट टू-टूचा सराव सुरू केला; पण माझ्या गोळ्या सतत लक्ष्याच्या खाली जात. मी दोष रायफलीला देत होतो.

एके दिवशी चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ असा आवाज झाला. गोळी सुटली नाही. पण रायफलीची नळी मात्र झटक्याने खाली गेली! न आलेल्या धक्क्याला माझ्या शरीराने आधीच उत्तर दिले होते. “नळी लक्ष्याकडेच राहू दे, बोल्ट उघडू नकोस,” प्रशिक्षक शांतपणे म्हणाले. दारू कधीकधी विलंबाने पेटते, म्हणून आम्ही तीस सेकंद थांबलो. मग त्यांनी काडतूस बाहेर काढून मला दाखवले.

रिमफायर काडतुसाच्या पितळी पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली पोकळ कड असते. आघाताने पेटणारे मिश्रण ओल्या स्थितीत आत घालून, पुंगळी वेगाने फिरवून ते त्या कडेत पसरवले जाते. फायरिंग पिन ही कडच चेचते; चिमटीत सापडलेले मिश्रण भडकते आणि दारू पेटवते. मिश्रण एखाद्या ठिकाणी पोहोचलेच नाही आणि पिन नेमकी तिथेच आदळली, तर गोळी उडत नाही. माझ्या काडतुसावरची खूण खोल आणि स्पष्ट होती, म्हणजे दोष काडतुसाचा. खूण उथळ असती, तर पिन किंवा तिची स्प्रिंग तपासावी लागली असती.

सेंटरफायर काडतुसात हेच मिश्रण बुडाच्या मध्यभागी बसवलेल्या एका स्वतंत्र टोपीत असते. त्यामुळे भोवतीचे पितळ हवे तितके जाड ठेवता येते, आणि टोपी बदलून पुंगळी पुन्हा भरताही येते. रिमफायरला ती मुभा नाही. कड चेचली जावी म्हणून पितळ पातळच ठेवावे लागते, आणि पातळ पितळ मोठा दाब सोसत नाही. पॉइंट टू-टूची मर्यादा वातावरणीय दाबाच्या सुमारे १६०० पटींवर संपते, ७.६२च्या काडतुसात तो ४००० पटींच्या आसपास जातो.

या दुबळेपणातच शिकणाऱ्याचा लाभ दडलेला आहे. दाब कमी, म्हणून दारू थोडी आणि गोळी हलकी: सुमारे २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. संवेगाच्या नियमाने हिशेब केला, तर चार किलोच्या रायफलीला मिळणारी उलट ऊर्जा जेमतेम ०.१ ज्यूल भरते. तितक्याच वजनाच्या ७.६२च्या रायफलीत ती १५ ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे फरक शंभरपटींहून अधिक! धक्का इतका क्षीण असतो, की गोळी चुकली तर सबब उरत नाही. श्वास, दृष्टी आणि चाप ओढणारे बोट यांपैकी कोण चुकले, हे लक्ष्यावरचा कागद सांगतो. शिवाय काडतूस स्वस्त असल्याने तोच प्रयोग शेकडो वेळा करता येतो.

माझ्यावरचा उपायही सोपा होता. प्रशिक्षक माझी नजर दुसरीकडे वळवून रायफल भरत. कधी जिवंत काडतूस, कधी उडालेली पुंगळी. पूर्ण रिकाम्या रायफलीचा चाप ओढू देत नसत, कारण अनेक रिमफायर रायफलींत पिन सरळ नळीच्या काठावर आदळून तिथे खळगा पाडते. आत काय आहे हे ठाऊक नसल्याने शरीराला आगाऊ दचकता येईना. काही आठवड्यांनी ‘टक्’ झाले, तरी नळी स्थिर राहू लागली आणि गोळ्या मध्याकडे सरकल्या.

मात्र ‘सौम्य’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. हीच गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि जीवही घेऊ शकते. म्हणून रेंजवर लक्ष्यामागे मातीचा उंच बांध असतो, आणि ‘टक्’नंतरचे ते तीस सेकंद मी आजही मनात मोजतो.

ते न उडालेले काडतूस रेंजच्या नियमानुसार वेगळ्या डब्यात जमा झाले. त्यातला दोष एका कडेपुरता होता. माझ्यातला दोष दाखवायला तेवढा पुरला.