धारची वाग्देवी की अंबा?

कोपरगावाहून मनमाडमार्गे आम्ही माळव्यात गेलो, ते पवारांची धार पाहावी म्हणून. तेथे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच गोष्ट : भोजराजाची वाग्देवी विलायतेस गेली, ती परत आली पाहिजे.

ही मूर्ती १८७५ साली धारच्या नगरवाड्याच्या अवशेषांत सापडली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९२४ मध्ये गांगुली व आपले काशिनाथ नारायण दीक्षित यांनी तिला सरस्वती ठरविले. कारण पीठावरील संवत् १०९१, म्हणजे इ. स. १०३४, च्या लेखात ‘वाग्देवी’ हा शब्द आहेच!

परंतु संस्कृत वाचताना शब्द दिसला एवढ्याने भागत नाही. अन्वय लावावा लागतो. भोजाच्या वेळच्या वररुचीने प्रथम वाग्देवी व नंतर जिनांच्या तीन मूर्ती घडविल्या, आणि त्यानंतर ही अंबा करविली, असे तो लेख सांगतो. हरिवल्लभ भायाणी यांनी १९८१ मध्ये हे दाखवून दिले. पायाशी सिंहही आहे, आणि सिंह हे जैनांच्या अंबिकेचे वाहन. लेखातील वाग्देवी ती निराळीच मूर्ती.

मग मागणी खोटी काय? आमच्या मते नव्हे. मूर्ती धारचीच, हे लेखाच्या वाचनाने बदलत नाही. मात्र मागणीपत्रात वाग्देवी लिहिले, तर संग्रहालयास पहिल्याच ओळीत उत्तर सापडते. अर्ज अंबेच्या नावे करावा आणि स्थळ नगरवाडा असेच लिहावे.