उनहत्तर की एकोणसत्तर?

वडिलांची दृष्टी मंदावल्यापासून विज्ञानविषयक मराठी पाने त्यांना संगणक वाचून दाखवतो. एका संध्याकाळी ते चंद्रयान-३ वरील लेख ऐकत होते. आवाज इतका स्वाभाविक होता, की मीही कान देऊन ऐकू लागलो. लेख संपल्यावर वडील म्हणाले, "यान सत्तरीच्या पुढच्या अक्षांशावर उतरलं म्हणायचं." लेखात मात्र ६९.३७ अंश दक्षिण असे होते.

चूक वडिलांच्या कानांची नव्हती. आवाज हिंदीचा होता. त्याने ६९ चा उच्चार 'उनहत्तर' असा केला होता. एकाहत्तर, बहात्तर ऐकण्याची सवय असलेल्या मराठी कानाला तो आकडा सत्तरीपुढचाच वाटणार.

मजकुराचे वाचन दोन टप्प्यांत होते. आधी आकड्यांचे शब्द होतात आणि अक्षरांचे ध्वनी ठरतात. मग त्या ध्वनींपासून आवाजाची लहर घडवली जाते. आवाजातला गोडवा मुख्यतः दुसऱ्या टप्प्यातून येतो, पण आकडा बिघडतो तो पहिल्यात. म्हणून गोड आवाजही चुकीचे सांगू शकतो, आणि तेही खात्रीच्या सुरात.

मी त्या पानाचा स्रोत उघडून पाहिला. पहिल्याच ओळींत भाषेची खूण होती:

```
<html lang="hi">
```

मजकूर मराठी आणि खूण हिंदीची. लिपी एकच, त्यामुळे हिंदी आवाज कुठेही अडखळला नाही. म्हणूनच चूक लपून राहिली. तिथे `mr` हवे होते. दुसऱ्याचे पान आपल्याला दुरुस्त करता येत नाही, पण आवाज निवडता येतो. एज ब्राउझरमध्ये Ctrl+Shift+U दाबून मोठ्याने वाचन सुरू केले आणि आवाजांच्या यादीतून 'आरोही' निवडला. 'मनोहर' हा दुसरा मराठी आवाज. दोन्ही आवाज महाजालावरून येतात, त्यामुळे जोडणी तुटली की तेही थांबतात.

आता कोणताही नवा आवाज वडिलांना देण्यापूर्वी मी त्याला एक वाक्य वाचायला लावतो: 'चंद्रावर बग्गीची ६ चाके फिरली, अक्षांश ६९.३७.' 'एकोणसत्तर' ऐकू आले, तर आकडे मराठीत आहेत. मग 'च' ऐकायचा. 'चंद्र'मधला च तालव्य, तर 'चाके'मधला दंत्य. लिपीत दोघांचे चिन्ह एकच असल्याने हा भेद इंजिनाला शब्द ओळखूनच करावा लागतो. नेहमीच्या शब्दांत तो साधला, तरी अपरिचित विशेषनामात चुकू शकतो. तेवढी चूक आम्ही चालवून घेतो. आकड्याची नाही.

परवा तोच लेख वडिलांनी मराठी आवाजात पुन्हा ऐकला. एकोणसत्तरपाशी त्यांनी हात वर करून मला थांबवायला सांगितले, आणि आपल्या वहीतला जुना आकडा खोडला.