सेल्फीला उत्तर देताना

चि. ओंकार,


ऑफिसातल्या मैत्रिणीने हरिश्चंद्रगडावरून सेल्फी पाठवला आहे आणि त्यावर काय लिहावं असं तू विचारतोस. ‘छान दिसतेस’ म्हटलं तर सलगी वाटेल, नुसता अंगठा दिला तर तुसडेपणा वाटेल, ही तुझी अडचण. माझं म्हणणं थोडक्यात असं की, सहज पाठवलेला सेल्फी हा बहुतेक वेळा चेहऱ्याविषयी नसतोच. ‘मी इथे पोचले’ हे सांगण्याची ती पद्धत आहे. पूर्वी माणसं हे पोस्टकार्डावर दोन ओळींत कळवत, आणि त्याचं उत्तर कोणी हस्ताक्षरावर शेरा मारून देत नसे. उत्तर मजकुराला द्यायचं असतं. इथला मजकूर म्हणजे कोकणकडा, पाऊस आणि चढून आल्याचा दम.

शिवाय रूपावर बोलायचं तर ते रूप तरी खरं कुठे असतं? फोन हातात धरून काढलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर लांब असतो, त्यामुळे पुढे असलेलं नाक कानांच्या मानाने फुगतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांनी याचं गणित मांडलं. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसतं. म्हणजे ‘जाड झालीस’ किंवा ‘चेहरा उतरलाय’ हा शेरा बऱ्याचदा माणसावर नसून अंतरावर असतो. आणि स्तुतीचं काय, असं तू म्हणशील. ‘बारीक झालीस, मस्त!’ यातही आम्ही तुझं वजन बघत असतो, हे ऐकणाऱ्याला कळतंच. पुढचा फोटो पाठवताना ती ढगांऐवजी स्वतःची हनुवटी तपासणार.

दुसरा मोह ओळख लावण्याचा. तिच्या शेजारी कोणी उभं असलं की ग्रुपवर लगेच ‘हे कोण? भाऊजी का?’ सुरू होतं. घारे डोळे दिसले की ‘कोकणस्थ वाटते’ हेही ठरलेलं. पण अनोळखी चेहरा वाचण्यात आपण किती कच्चे असतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात दिसलं. नेदरलँड्सच्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी वीस असे चाळीस फोटो लोकांसमोर ठेवले आणि माणसागणिक गठ्ठे करायला सांगितलं. त्या दोघींना न ओळखणाऱ्या ब्रिटिश मंडळींनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. त्यांना ओळखणाऱ्या डच लोकांपैकी जवळजवळ सर्वांनी बरोबर दोन केले. फोटो तेच, फरक आधीच्या ओळखीचा. एकच चेहरा दोन फोटोंत एकाच बाईचा आहे हे जिथे कळत नाही, तिथे शेजारच्या माणसाचं नातं, जात किंवा गाव एका फोटोवरून काय कळणार? बरं, अंदाज बरोबर निघाला तरी पेच सुटत नाही. जे तिने सांगितलं नव्हतं ते आता चारचौघांत कबूल करायचं किंवा नाकारायचं, एवढंच तिच्या हाती उरतं.

यावर कोणी म्हणेल, एवढं तोलून-मापून बोलायचं तर मैत्री कसली? मान्य. तिने ‘साडी कशी दिसतेय?’ असं विचारलं तर मोकळेपणाने सांगावं, कारण तिथे प्रश्नच तो आहे. न विचारताही साडीच्या रंगाचं कौतुक करता येतं, तो तिने निवडलेला असतो. आणि नंबरच सेव्ह नसेल तर ‘तू अमकी ना?’ असा चेहऱ्यावरून तर्क करण्यापेक्षा ‘नाव दिसत नाहीये, कोण बोलतंय?’ हे सरळ विचारलेलं बरं.

आता तुझ्या फोटोकडे ये. मागे कडा धुक्यात बुडालाय, तिचे बूट चिखलाने माखलेत. मग लिही: ‘पाचनईकडून चढलात की खिरेश्वरहून? कड्यावर ढग फाटले का?’ पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरची तोलार खिंडीतून लांबची. त्यामुळे या एका प्रश्नावर तिला पूर्ण दिवसाची हकीकत सांगता येते. ऊन मागून आणि धुकं खाली असलं तर त्या कड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसतं. ते दिसलं का, हेही विचार. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी किती गार होतं, हे तीच सांगेल. आणि बोलता बोलता ‘शेजारी आहे ती माझी मामेबहीण’ असं तिच्याकडूनच आलं, की मग खुशाल मामेबहिणीची चौकशी कर.

तुझी,
आत्या