विचारायची सोय

हृदयविकार मोठ्या साहेबांना अधिक होतो, हा समज लंडनच्या सरकारी नोकरवर्गाच्या पाहणीने खोटा ठरवला. १९६७ साली सुरू झालेल्या या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा हिशेब केल्यावरही बराच फरक उरला. पुढच्या अभ्यासात त्याचे एक कारण दिसले : आपले काम कसे करावे हे ठरविण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हा विकार अधिक. एकमेव कारण नव्हे, पण वजनदार.

हे मला आठवते ते घरोघरी रुग्णसेवा करणाऱ्या मावशींना तपासताना. त्यांतील एकींचा रक्तदाब १६०/१०० भरला. बारा तासांची रात्रपाळी आणि मधुमेही आजोबांची शुश्रूषा. सूचना तिघांच्या : सुनेच्या, लेकीच्या आणि परदेशातून फोनवर मुलाच्या. ठरविण्याचा अधिकार मात्र कशाचाच नाही; आजोबांना आंघोळ केव्हा घालायची याचासुद्धा.

एका रात्री आठ वाजता त्यांनी ठरल्याप्रमाणे जेवणाआधीचे इन्सुलिन टोचले. आजोबांनी दोन घास भात खाऊन ताट सारले. दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर ५२. शुद्ध होती, म्हणून साखरपाण्यावर निभावले.

आजोबांची भूक गेली आहे, हे मावशींना तीन दिवसांपासून ठाऊक होते. “मग सांगितलं का नाही?” मी विचारले. “मागं एकदा विचारलं होतं, डॉक्टर. ‘तुम्ही सांगितलं तेवढं करा’ म्हणाले.”

घरच्यांना बसवून आम्ही सूचना देणारी एकच व्यक्ती ठरविली, सुनबाई. इन्सुलिनपूर्वी साखर मोजायची. ती ७० च्या खाली असेल किंवा आजोबा जेवायला नको म्हणाले, तर सुई न टोचता आधी मला फोन करायचा. हे मी लिहून दिले आणि त्यासाठी कोणी बोल लावणार नाही, असे मुलाकडून फोनवर वदवून घेतले. आंघोळ आणि फिरणे मावशींवर सोपविले.

महिन्याभरात लेक तक्रार घेऊन आली : वहीत आता रोज काहीतरी चुकल्याची नोंद असते! अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनाही रुग्णालयांतील औषधांच्या चुका तपासताना असेच कोडे पडले होते. चांगल्या चमूंत चुकांची नोंद जास्त होती. कारण तिथे परिचारिका त्या न घाबरता सांगत. मी लेकीला वही चाळायला लावली. एका पानावर होते : ‘सकाळची गोळी खाली पडलेली सापडली. सुनबाईंना सांगितले.’

मावशींची रक्तदाबाची गोळी सुरूच आहे; ती बंद करण्याजोगे काही घडलेले नाही. पाळी संपवून घरी गेल्यावर झोप मात्र लागते, असे त्या म्हणतात.