रजिस्ट्रीचा रकाना

भोपाळात घर घ्यायचं म्हटलं की लोक आधी भाव विचारतात. कोलार रोडला काय चाललंय, अयोध्या बायपासला काय, नर्मदापुरम रोडला किती. भाव कळला की त्याचे वीस टक्के काढायचे आणि म्हणायचं, एवढे साठवले की झालं, बाकी बँक देईल. माझ्या लेकीनं आणि जावईबापूंनी हेच केलं होतं. दोन खोल्या आणि हॉलचा, चाळीस लाखांचा जुना फ्लॅट डोळ्यांसमोर होता. वीस टक्के म्हणजे आठ लाख. पाच वर्षांत आठ लाख, म्हणजे महिन्याला अकरा-सव्वाअकरा हजार. दोघंही खूश. हा हिशेब त्यांना ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेला.

मी कला शाखेची पदवीधर, गणिताशी माझं फारसं पटलेलं नाही. पण तीस वर्षं घरखर्चाची वही लिहिली आहे आणि या शहरात दोन रजिस्ट्र्या जवळून पाहिल्या आहेत. म्हणून एवढंच विचारलं, "रजिस्ट्रीचे पैसे कुठून?" लेक म्हणाली, "आई, ते बँकेच्या कर्जात येतं ना?"

येत नाही. मुलांना घराचं स्वप्न दाखवताना हे आपण सांगायचं राहून जातं. रिझर्व्ह बँकेचा नियम असा: कर्ज तीस लाखांपर्यंत असेल तर बँक घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत देऊ शकते, तीसच्या वर पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्के. पण दहा लाखांच्या आतलं घर सोडलं, तर या किमतीत स्टँप आणि नोंदणीचा खर्च धरायचाच नाही. आणि मध्य प्रदेशात तो खर्च लहान नाही. शहरात सगळे कर आणि शुल्क मिळून साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. महाराष्ट्रातल्या माझ्या वहिनीला हा आकडा सांगितला तर तिला खरंच वाटेना. घर बाईच्या नावावर घेतलं तर नोंदणी शुल्कात दोन टक्क्यांची सूट आहे, म्हणजे साडेदहा. आणि हे टक्के आपण दिलेल्या किमतीवर किंवा सरकारी गाईडलाईनवर, दोन्हींत जो आकडा मोठा असेल त्यावर लागतात.

मग मी वहीत नवा रकाना आखला आणि आम्ही तिघं बसलो. आजच्या भावानं वीस टक्के आठ लाख, रजिस्ट्री लेकीच्या नावावर सव्वाचार लाखांच्या जवळ, आणि दलाली, वकील, बँकेची फी, सोसायटीचं नाव-बदल, दोन पंखे नि पडदे यांना मिळून एक लाख. तेरा लाखांच्या वर गेलं की! आणि हा झाला आजचा भाव. पाच वर्षं घर थांबणार नाही. वर्षाला पाच टक्के वाढ धरली तर चाळीसचं घर एक्कावन्नला जातं. एक्कावन्नचे वीस टक्के दहा लाख वीस हजार, रजिस्ट्री पाच लाख पस्तीस हजार, वर तो एक लाख. साडेसोळा लाख. आठ लाखांच्या दुप्पट.

जावईबापू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे महिन्याला तेवीस हजार. होणार नाही, आई."

होतं की नाही ते पगारावर ठरतं, म्हणून पगाराकडे वळलो. त्यांचे हातात येणारे सेहेचाळीस हजार, तिचे एकोणतीस. पंचाहत्तर. यातून भाडं बारा हजार. किराणा, दूध, भाजी साडेबारा हजार. वीज, गॅस, फोन, इंटरनेट चार हजार. दोन स्कूटरचं पेट्रोल साडेचार. कामवाल्या बाई दोन हजार. विम्याचे हप्ते महिन्यावर पसरून अडीच हजार. दोघांना खिशाला दोन-दोन हजार, ज्याचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. हे चार हजार मी आग्रहानं ठेवले. सगळ्याच पैशांना वचक बसवला की माणसं पाच वर्षं टिकत नाहीत, दोन वर्षांत भांडायला लागतात.

दोन ओळी राहिल्या, आणि वेळ त्यांतच गेला.

पहिली, जावईबापू गावी आई-वडिलांना पाठवतात ते सहा हजार. लेकीनं पेन्सिलीनं तिथे 'तीन' लिहिलं. मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली. त्यांच्या वडिलांना पेन्शन नाही. ते पैसे कमी केले तर औषधं कमी होतात, आणि घर उभं राहिलं तरी त्या घरात सासू-सासरे कोणत्या मनानं यायचे? सहा हजार तसेच राहिले. लेकीचं तोंड तेव्हा उतरलं होतं, हे लिहायला हवं. तिचंही काही चुकत नव्हतं, तिला घर हवं होतं.

दुसरी ओळ कुणी लिहितच नाही. वर्षातून एकदा येणारे खर्च. आम्ही गेल्या वर्षाची बिलं आणि आठवण मिळून काढले: दिवाळी बारा हजार, आमच्याकडे सांगलीला येण्या-जाण्याचे नि तिथल्या देण्याघेण्याचे अठरा, लग्नांचे आहेर बारा, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग नऊ, दातांचे-डोळ्यांचे डॉक्टर दहा, कपडे आणि दशलक्षण पर्वातलं दान-धर्माचं मिळून अकरा. बहात्तर हजार. म्हणजे महिन्याला सहा हजार. हे सहा हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात गेले नाहीत, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नसराईत बचतीचा हप्ता हमखास चुकतो. कुणाचं बजेट मोडतंय का हे ओळखायचं असेल तर पासबुकातले हिवाळ्याचे महिने पाहावेत.

सगळं वजा केल्यावर साडेएकवीस हजार उरले. तेवीसला दीड हजार कमी. तरी जावयांना हायसं वाटलं. आकडा डोंगराएवढा नव्हता.

पैसे ठेवायचे कुठे यावर घरात मतभेद झाले. जावईबापूंच्या मित्राला शेअर बाजाराशिवाय दुसरं सुचत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या कामाला मीही नाही म्हणणार नाही. पण इथे तारीख ठरलेली आहे. मार्च 2020 मध्ये बाजार एका महिन्यात वीस टक्क्यांहून जास्त पडला होता. ज्यांचं बयाणं त्या एप्रिलात द्यायचं होतं त्यांनी काय करायचं? म्हणून आम्ही पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव घेतली, सगळे आरडी म्हणतात तीच. खातं उघडलं तेव्हा व्याज 6.7 टक्के होतं, आणि ते पाचही वर्षं तेच राहतं. महिना दहा हजारांचे पाच वर्षांनी सात लाख तेरा हजार होतात.

आम्ही अठरा हजारांची आरडी काढली, पण एक खातं नाही, दोन: दहा हजारांचं आणि आठ हजारांचं. कारण पुढे सांगते. उरलेले साडेतीन हजार अडीअडचणीच्या खात्यात. अठरा हजारांचे शेवटी पावणेतेरा लाखांच्या थोडे वर होतील. बाकीचं पगारवाढीतून. दोघांची मिळून वर्षाला सहा हजारांची वाढ धरली. अर्धी महागाईला, अर्धी घराला. पोस्टाची आरडी पाचच वर्षांची असते, म्हणून वाढीचे तीन हजार बँकेत. दुसऱ्या वर्षी अठ्ठेचाळीस महिन्यांची आरडी, तिसऱ्या वर्षी छत्तीसची, चौथ्या वर्षी चोवीसची. सगळ्या एकाच सुमारास पिकतात. साडेसहा टक्के धरले तर या तिन्हींचे साडेतीन लाखांच्या वर होतात, आणि बेरीज साडेसोळाच्या जवळ जाऊन टेकते.

आता ते दोन खात्यांचं. बेरीज झाल्यावर लेक माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "यात बाळ कुठे आहे?" वहीत खरंच नव्हतं. तिला एकोणतिसावं लागलंय, पाच वर्षं थांबायला मी तरी सांगणार नाही. कायद्यानं तिला पगारी रजा सव्वीस आठवडे मिळेल, तिच्या ऑफिसात माणसं पुष्कळ आहेत. पण त्यापुढे काही महिने घरी राहायचं झालं तर एकोणतीस हजार येणार नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अडचणीच्या खात्यात सव्वा लाख झालेले असतील, म्हणजे तिचे चार महिने भरून निघतात. त्यापुढे ओढ लागली तर आठ हजारांचं खातं थांबवता येतं, दहाचं चालू राहतं. पोस्टात चार हप्त्यांपर्यंत चूक चालते, थोडा दंड भरून हप्ते भरता येतात. चारच्या पुढे गेलं की खातं बंद पडतं आणि दोन महिन्यांत सुरू करून घ्यावं लागतं. तीन वर्षं झाल्यावर मोडताही येतं, पण व्याज मग बचत खात्याचं, चार टक्के. मोडायचंच तर लहान मोडावं. सगळं एका खात्यात असतं तर सगळ्याचंच व्याज घटलं असतं.

बाळ आलं तर चौथ्या वर्षीचे वाढीचे तीन हजार बहुतेक होणार नाहीत. पाऊण लाख कमी पडतील. मग तीन-चार महिने थांबायचं, नाहीतर एक मजला वरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट बघायचा. हे आम्ही आत्ताच वहीत लिहून ठेवलं.

भाडं बारा आणि बचत साडेएकवीस मिळून साडेतेहतीस हजार होतात. एक्केचाळीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साडेपस्तीस हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे ही दोघं आजच जवळजवळ तेवढ्याशिवाय घर चालवतात. पुढे हप्ता झेपेल की नाही, ते बँकेनं विचारायच्या आधीच त्यांना कळलेलं असेल.

घर लेकीच्या नावावर म्हटल्यावर तिच्या सासूबाई फोनवर दोन दिवस अबोल होत्या. मी त्यांना एक्कावन्न लाखांचे दोन टक्के करून सांगितले. एक लाख दोन हजार. त्या म्हणाल्या, "मग ताई, सुनेच्याच नावावर करा. एक लाखात माझं स्वयंपाकघर होतं."

आता अठरावा महिना चालू आहे. गाईडलाईन दरवर्षी 1 एप्रिलला बदलते, म्हणून वही एप्रिलातच उघडायची असं ठरलं आहे. या एप्रिलात लेकीनं रजिस्ट्रीच्या रकान्यात जुना आकडा खोडून नवा लिहिला, आणि बाजूला पेन्सिलीनं माझ्यासाठी विचारलं: आई, पंखे तीन लागतील का?