फोटोतली पांढरी बाहुली

माझ्या मुलीचं सासर धारवाडचं. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो आले, तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमकत होती. उजवी नेहमीसारखी लाल. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "कण्णिन पोरे इरबेकु." मीही म्हटलं, मोतीबिंदूच असेल, माझ्या वडिलांनाही होता. म्हातारपणाचा मोतीबिंदू आणि वर्षाचं पोर यांचा काय संबंध, हे तेव्हा सुचलं नाही.

पहिल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिली आणि मोतीबिंदू दिसतो, सहा महिन्यांनी या, असं सांगितलं. मुलीला ते पटलं नाही. ती दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी आधी सगळे फोटो मागितले. फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जातो आणि मागच्या पडद्यावरून परततो. तिथल्या रक्तामुळे तो लाल दिसतो. मूल किंचित नाकाकडे बघत असेल तर उजेड नेमका डोळ्याच्या नसेच्या तोंडावर पडतो. ती जागा फिकट असल्यामुळे चांगला डोळाही फोटोत पांढरा येतो. पण आमच्या बाळाच्या सरळ बघणाऱ्या फोटोंतही पांढरंच होतं.

मग थेंब घालून बाहुली मोठी केली. मोतीबिंदू असता तर बाहुलीच्या लगेच मागचं भिंग गढूळ दिसलं असतं. भिंग स्वच्छ होतं. पांढरा गोळा त्याच्या बराच मागे, पडद्यावर होता. डोळ्याच्या सोनोग्राफीत त्या गोळ्यात चुन्याचे कण चमकले. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पडद्याचा कर्करोग. तो बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाच होतो.

मी विचारलं, सुईनं तुकडा काढून तपासणार का? बाई म्हणाल्या, "नाही हो आजी. सुई घातली तर रोग डोळ्याबाहेर पसरू शकतो." भिंग गढूळ असून मागचं काहीच दिसत नसेल, तरीही सोनोग्राफी झाल्याशिवाय मोतीबिंदूसाठी डोळा उघडायचा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि लहान मुलाचा खरा मोतीबिंदूसुद्धा सहा महिने ठेवायचा नसतो म्हणे. डोळ्यात स्पष्ट चित्र गेलं नाही तर मेंदू बघायला शिकतच नाही.

पुढे बेंगळुरूला भूल देऊन दोन्ही डोळे तपासले. उजवा स्वच्छ निघाला. डाव्यात गाठ फार वाढली होती, म्हणून तो डोळा काढावा लागला. नसेच्या कापलेल्या टोकाशी रोग नाही, असा अहवाल आला, तेव्हा जावई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. आता बाळाला कृत्रिम डोळा बसवलाय. उजव्याची तपासणी ठरल्या तारखांना चालू आहे, आणि पुढच्या भावंडाला धोका आहे का हे कळावं म्हणून रक्ताची जनुकीय चाचणीही केली.

परवा अल्बम चाळताना उष्टावणाचा फोटो हाती लागला. डाव्या बाहुलीत फिकट पांढरा ठिपका आहे. तेव्हा 'हा नीट आला नाही' म्हणून मीच दुसरा काढायला लावला होता.