एका टाकीचे तीन घेर

घर बांधणारा माणूस सेप्टिक टँकचं माप नेहमी आतून सांगतो. त्याला टाकीत किती मावेल याच्याशी कर्तव्य असतं, त्यामुळे ते बरोबरच आहे. विटा मात्र त्या पोकळीला लागत नाहीत, पोकळीभोवतीच्या भिंतीला लागतात. गावोगावच्या घरांच्या विटा-सिमेंटचे हिशेब मी करत आलो आहे आणि टाकीचा हिशेब जिथे चुकलेला दिसतो, तिथे बहुधा आतलं माप आणि भिंतीचं माप यांची गल्लत झालेली असते.

एक नेहमीची टाकी घेऊ. आतून 8 फूट लांब, 4 फूट रुंद, तळापासून स्लॅबच्या खालच्या अंगापर्यंत 6 फूट उंच आणि भोवती नऊ इंची, म्हणजे पाऊण फुटाची भिंत. आतला घेर 24 फूट. तो पाऊण फुटाने आणि 6 फुटांनी गुणला की 108 घनफूट येतात. कागदावर हे सरळ दिसतं, पण त्यात टाकीचे चारही कोपरे सुटलेले असतात. आतल्या तोंडाने मोजलं की 8 फुटांची भिंत 8 फुटांवरच संपते आणि कोपऱ्यातला पाऊण फूट बाय पाऊण फुटाचा खांब कुठल्याच भिंतीत धरला जात नाही. बाहेरून मोजलं तर घेर 30 फूट आणि काम 135 घनफूट. आता तेच कोपरे दोन्ही भिंतींत, म्हणजे दोनदा मोजले गेले.

खरा आकडा या दोघांच्या मधोमध आहे. भिंतीच्या जाडीच्या मध्यातून रेषा धरायची: लांबी 8 अधिक पाऊण, रुंदी 4 अधिक पाऊण. त्यांची बेरीज साडेतेरा, दुप्पट 27 फूट. हा मधला घेर. त्यावरून 121.5 घनफूट येतात. खात्री करायची असेल तर बाहेरच्या साडेनऊ बाय साडेपाच फुटांच्या क्षेत्रातून आतलं 32 चौरस फूट वजा करा. उरतं 20.25. त्याला 6 ने गुणा, पुन्हा 121.5. चार कोपऱ्यांचं वीटकाम साडेतेरा घनफूट होतं आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही हिशेबांत खऱ्या आकड्यापासून नेमका तेवढाच फरक आहे.

टाकीत आडवी भिंतही असते. मैला येतो त्या बाजूपासून लांबीच्या साधारण दोन तृतीयांशावर ती घालतात. ती साडेचार इंची आणि 5 फूट उंच धरू. तिला मधला घेर लागत नाही, कारण ती दोन भिंतींच्या आतल्या तोंडांमध्ये बसते. लांबी सरळ 4 फूट, म्हणून साडेसात घनफूट. एकूण 129.

घनफुटाला विटा किती, याचं एकच उत्तर कुणी देऊ नये. भट्टीगणिक वीट बदलते. नऊ इंचांची म्हणून मिळालेली वीट साडेआठ इंचांचीही निघते. गाडी उतरली की दहा विटा लांबीने एका ओळीत मांडाव्यात, टेप लावून दहाने भागावं. रुंदीचं आणि उंचीचंही तसंच करावं. 9 बाय 4 बाय 3 इंचांची वीट असेल तर अर्ध्या इंचाच्या सांध्यासकट ती सुमारे 150 घनइंच जागा व्यापते. घनफुटात 1728 घनइंच, म्हणजे साडेअकरा विटा. आडव्या लावलेल्या विटेच्या जाडीत सांधा येत नाही, म्हणून मी 12 धरतो. 129 घनफुटांना 1548 झाल्या. उतरवताना फुटणाऱ्या आणि कापाव्या लागणाऱ्या विटा धरून 1650 मागवाव्यात. वीट लहान असेल तर हा आकडा वाढतो आणि मसालाही जास्त जातो.

बारा विटांचं स्वतःचं घनफळ पाऊण घनफूट भरतं, म्हणून कामाचा चौथा हिस्सा मसाला: इथे सुमारे 32 घनफूट ओला. कोरडा माल कालवल्यावर आटतो, त्यासाठी तिसरा हिस्सा वाढवून 43 घ्यायचे. एकास चारच्या मसाल्याला सिमेंटची 7 पोती आणि 34 घनफूट वाळू लागते.

गिलाव्याला मात्र मधला घेर चालत नाही, कारण गिलावा भिंतीच्या तोंडावर बसतो. इथे आतलाच घेर खरा: 24 गुणिले 6, म्हणजे 144 चौरस फूट. आडव्या भिंतीच्या दोन्ही बाजू 40, तळ 32. एकूण 216. अर्धा इंच जाडीने हे 9 घनफूट होतात. पण विटांचा उंचसखलपणा आणि सांधे भरायला चौथा हिस्सा आणखी लागतो, वर कोरड्या मालाची वाढ, म्हणून 15 घनफूट. एकास तीन प्रमाणाने सिमेंटची 3 पोती आणि सव्वाअकरा घनफूट वाळू. वरून शुद्ध सिमेंटची घोटाई असेल तर तिचं सिमेंट वेगळं धरावं. दोन्ही कामांची वाळू मिळून सुमारे 46 घनफूट होते, म्हणजे जेमतेम अर्धा ब्रास.

बाहेरचा 30 फुटांचा घेर दोन ठिकाणी लागतो. एक, खोदाईला. दुसरं, बाहेरच्या गिलाव्याला. नदीकाठी किंवा पावसाळ्यात पाणी वर येणाऱ्या रानात बाहेरूनही गिलावा हवा, नाहीतर जमिनीतलं पाणी टाकीत शिरतं. तो 180 चौरस फूट होतो. पण गवंड्याला भिंतीमागे उभं राहायला जागा लागते, म्हणून हा निर्णय खड्डा खोदण्याआधीच घ्यावा लागतो. भिंतीला चिकटून खोदलेल्या खड्ड्यात मागचा गिलावा करताच येत नाही. आणखी एक गोष्ट तेव्हाच विचारून घ्यावी: सांगितलेलं आतलं माप गिलाव्याच्या आधीचं की नंतरचं? दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या इंचाने टाकी लांबीत आणि रुंदीत इंचभर आत येते.

पुढच्या शोषखड्ड्याला हीच रीत गोल आकारात लागू होते. आतून 4 फूट व्यास आणि 4 इंची भिंत असेल तर 4 फूट 4 इंच हा मधला व्यास धरायचा. त्यावरून घेर साधारण 13.6 फूट येतो, आतल्यापेक्षा फूटभर जास्त. इथे कोपरे नाहीत, तरी जाडीचा हिशेब सुटत नाही. पाणी मुरायचं त्या उंचीत विटा फटी ठेवून लावतात, त्या फटींची वजावट करावी. आणि गिलाव्याच्या रकान्यात शून्य लिहावं. तो रकाना रिकामा सोडू नये. रिकामा रकाना पाहून कुणीतरी टाकीसारखाच गिलावा भरतो, गवंडी तो करतोही, आणि मग पाणी मुरायला वाटच उरत नाही.

दुसऱ्याने दिलेला आकडा तपासायची सोपी युक्ती आहे. बाहेरच्या भिंतींच्या विटा, फूटतूट न धरता, 12 ने भागा, मग जाडीने, मग उंचीने. या टाकीचं उत्तर 27 आलं पाहिजे. 24 आलं तर कोपरे सुटलेत आणि 162 विटा कमी पडतील. त्या कमी पडल्याचं भिंत वर आल्यावरच कळतं. तेवढ्यासाठी पुन्हा गाडी करावी लागते, तोवर खड्डा उघडा राहतो आणि काळ्या मातीत एका पावसाने त्याची कड ढासळते. म्हणून हिशेबाच्या कागदावर मी आधी तीन ओळी लिहितो: आतला घेर 24, मधला 27, बाहेरचा 30. प्रत्येकासमोर त्याचं काम लिहितो. विटा, सिमेंट, वाळू त्यानंतर.